जन्मनावाची बेरीज

मेहुण्याचा फोन आला तेव्हा मी यार्डात एका जुन्या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सखाली कान लावून बसलो होतो. आवाज ऐकून माल घेणारा माणूस मी. गिऱ्हाईक काय सांगतं त्यापेक्षा लोखंड काय सांगतं त्यावर माझा विश्वास.

"दाजी, बठ्ठं ठरेल व्हतं, पण आते थोडी अडचण शे," मेहुणा म्हणाला. तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. गोड बातमी तो शुद्ध मराठीत सांगतो आणि वाईट बातमीला आमच्या खान्देशी बोलीत सुरुवात करतो, म्हणजे मला ती कमी लागावी.

"काय अडचण?"

"मुलीचा आठ आला."

"कसला आठ?"

"नावाचा. धुळ्याला त्यांचा एक अंकशास्त्री आहे, त्याला दाखवलं. एक्स्प्रेशन नंबर म्हणतात त्याला. मुलाचा एक आहे. एक म्हणजे सूर्य, आठ म्हणजे शनी. बाप-लेकाचं वैर."

मी ट्रॅक्टरखालून बाहेर आलो. उभा राहून ऐकावं अशी ती गोष्ट होती.

माझ्या मुलीचं लग्न धुळ्याच्या एका घरात ठरत आलं होतं. घर चांगलं, बी-बियाणांचं दुकान, मुलगा शिकलेला. वडील वारलेले, कारभार आईच्या हाती. दोन वेळा पोहे खाऊन झाले होते. तिसऱ्या वेळी आम्ही त्यांच्याकडे जेवलो. मुलगा आणि माझी मुलगी तोवर रोज फोनवर बोलत होते, हे मला माहीत नव्हतं, पण बायकोला माहीत होतं. साखरपुड्याची तारीख तेवढी काढायची राहिली होती.

"मग? नाही म्हणतात?"

"छे छे. नाही कशाला म्हणतील. उपाय काढला आहे. लग्नात नाव बदलायचं. पहिलं नाव. कोणतं ठेवायचं तेही काढून दिलं आहे त्याने. ताटात तांदळावर लिहितात ना, तेच. फक्त या वेळी आधारकार्ड, बँक, सगळीकडे बदलायचं. नुसतं तांदळावर चालत नाही म्हणे."

मी फोन ठेवला. मग परत लावला, कारण ठेवण्याआधी जे बोलायचं होतं ते राहून गेलं होतं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुलगी दवाखान्यातून घरी आली तेव्हा मी तिला सांगितलं. ती फिजिओथेरपिस्ट आहे. पाटीवर, पदवीवर, पेशंटच्या फायलींवर तिचंच नाव आहे. तिने सगळं ऐकून घेतलं, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मी नाव बदलणार नाही पप्पा. मुलगा मला आवडला आहे, हेही सांगून ठेवते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आता काय करायचं ते करा."

आता काय करायचं. माझी मुलगी माझ्यावरच गेली आहे. भाव सांगून मोकळी झाली आणि गप्प बसली.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर माझ्या रागाचा अर्धा भाग समजणार नाही. आठच्या आकड्याशी माझी जुनी ओळख आहे. गाडीच्या नंबरप्लेटवरच्या आकड्यांची बेरीज आठ आली की जामनेरपासून भडगावपर्यंतचे कित्येक लोक ती गाडी घ्यायला बिचकतात. विकणारा कंटाळतो. मग मी जातो, प्लेटकडे बघतो, तोंड वाकडं करतो आणि म्हणतो, "आठ आहे हो भाऊ." बस. यापुढे काही बोलायची गरज पडत नाही. असे किती ट्रॅक्टर मी पडत्या भावात उचलले आणि शनीला न घाबरणाऱ्याला विकले, ते मला मोजायचं नाही. तो आकडा माझ्या कामाचा होता. तो उलटून माझ्याच मुलीला चिकटवला, तेव्हा आपण इतकी वर्षं लोकांना काय विकत होतो हे कळलं. पण त्यामुळे राग कमी झाला नाही. उलट वाढला. हत्यार आपलंच असलं की जास्त लागतं.

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या दुकानात गेलो. तिथे रेडियमची अक्षरं कापून नंबरप्लेटवर, ट्रॉलीच्या मागे, ट्रकच्या कपाळावर चिकटवतात. मालक माझ्याच वयाचा. आम्ही एकमेकांना भाऊ म्हणतो आणि एकमेकांचं गिऱ्हाईक पळवतो. नावांचे आकडे काढून देणं हा त्याचा जोडधंदा. लोक बाळाचं नाव घेऊन येतात, दुकानाचं नाव घेऊन येतात. तो कात्री खाली ठेवतो आणि बेरीज करून देतो.

"मला शिकव," मी म्हटलं.

"तुला? तू तर नंबर बघून लोकांना घाबरवतोस."

"घाबरवता येतं. काढता येत नाही. शिकव."

त्याने पांढऱ्या रेडियमचा एक तुकडा उलटा केला आणि मागच्या कागदावर लिहायला लागला. मुलीचं खरं नाव मी इथे देणार नाही, तिला ते आवडणार नाही. गणित दाखवायला त्याच बेरजेचं बनावट नाव घेतो: रोहिणी सुरेश बोरसे. नाव खोटं, आकडे खरे.

"आधी एक लक्षात ठेव," तो म्हणाला. "एक्स्प्रेशन नंबर काढायचा तो जन्माच्या पूर्ण नावावरून. घरात बबडी म्हणतात, ते नाही. ऑफिसात सही करतात, ते नाही. जन्मनोंदीत जे लिहिलं आहे ते. पूर्ण. आपल्याकडे पूर्ण म्हणजे स्वतःचं, बापाचं आणि आडनाव. तिन्ही."

"जन्माचा दाखला आहे माझ्याकडे."

"तो बघितलास?"

बघितला नव्हता. घरी जाऊन काढला. मुलगी तिच्या आजोळी, भडगावजवळच्या गावात जन्मली. पहिलं बाळंतपण माहेरी. बारशानंतर माझे सासरे स्वतः जाऊन नाव नोंदवून आले होते, म्हणून दाखल्यात नावाची जागा रिकामी नव्हती. तीन शब्द, जसेच्या तसे.

मग त्याने कोष्टक सांगितलं. इंग्रजी अक्षरं ओळीने लिहायची. ए पासून आय पर्यंत एक ते नऊ. नऊ संपले की जे पासून परत एक, आर पर्यंत नऊ. एस पासून परत एक, आणि झेडला आठ. म्हणजे ए, जे, एस या तिघांना एक. बी, के, टी यांना दोन. अशी खाली खाली उतरण.

"आता पहिलं नाव," तो म्हणाला. "आर नऊ, ओ सहा, एच आठ, आय नऊ, एन पाच, आय नऊ. कर बेरीज."

"सेहेचाळीस."

"चार आणि सहा दहा. एक आणि शून्य एक. पहिल्या नावाचा एक. आता बापाचं."

बापाचं नाव म्हणजे माझं. आपल्या नावाची अक्षरं कुणी अशी सुटी सुटी करून ठेवली की जरा उघडं पडल्यासारखं वाटतं. बनावट नावात ते असं: एस एक, यू तीन, आर नऊ, ई पाच, एस एक, एच आठ. सत्तावीस. दोन आणि सात नऊ.

"आडनाव. बी दोन, ओ सहा, आर नऊ, एस एक, ई पाच."

"तेवीस. पाच."

"आता एक, नऊ, पाच."

"पंधरा. एक आणि पाच सहा."

"सहा," तो म्हणाला. "उत्तम. सहा म्हणजे घर, माया, जबाबदारी. सून म्हणून लोक शोधत फिरतात असा आकडा."

"ते आठ म्हणतात."

"परत करू." त्याने सगळी अक्षरं एका दमात मिळवली. सेहेचाळीस, सत्तावीस आणि तेवीस मिळून शहाण्णव. नऊ आणि सहा पंधरा. एक आणि पाच सहा. "तिन्ही नावं वेगवेगळी आटव नाहीतर एकत्र आटव, शेवटी इथेच येतं. फक्त मध्ये अकरा, बावीस किंवा तेहेतीस आला तर थांबायचं. ते मोठे आकडे, मास्टर नंबर, त्यांना आटवत नाहीत. तुझ्याकडे कुठे आलेच नाहीत. सरळ नाव आहे."

"मग आठ कुठून आला?"

"ते धुळ्याला विचार. माझ्याकडे सहाच आहे."

संध्याकाळी मी जेवणाच्या ताटाशेजारी कागद घेऊन बसलो आणि स्वतः करून पाहिलं. सहा. उलटं करून पाहिलं, आडनावापासून. सहा. मुलगी समोर बसून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आनंदबिनंद काही नव्हता. "पप्पा," ती म्हणाली, "उद्या खरंच आठ निघाला असता तर तुम्ही काय केलं असतं?"

"निघाला नाही ना."

"मी तेच विचारते आहे."

मी परत बेरीज तपासायला लागलो. माझी बायको भाकरी वाढत होती. ती म्हणाली, "मना बी काढा."

"तुझं कशाला?"

"काढा. जन्मनावावरून काढतात ना? मग जन्माचं काढा."

आमच्या लग्नात माझ्या आईने तिचं पहिलं नाव बदललं होतं. घरात त्याच नावाची एक जाऊ होती म्हणून. इतकं साधं कारण. तांदळावर अंगठीने मीच लिहिलं होतं, आई सांगत गेली तसं. मला तिचं मूळ नाव माहीत होतं, पण ते कधी तोंडातून निघालं नव्हतं. आता अक्षरं लिहायची म्हणून ते उच्चारावं लागलं. एक एक अक्षर. ती तवा उतरवून शेजारी येऊन बसली आणि माझ्या पेन्सिलीकडे बघत राहिली. मधलं नाव तिच्या वडिलांचं, आडनाव माहेरचं. बेरीज झाली. आकडा किती आला ते कुणाला सांगू नका म्हणाली, म्हणून सांगत नाही. तिने कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि भाकरी थापायला गेली. मुलीने माझ्याकडे असं पाहिलं की मी पाणी पिण्याच्या निमित्ताने उठलो.

रविवारी मेहुण्याला गाडीत घातलं आणि धुळ्याला निघालो. पारोळ्यापर्यंत तो "दाजी, शांततेत घ्या" एवढंच म्हणत होता. पारोळ्याच्या पुढे मी त्याला गप्प बसवलं.

अंकशास्त्र्याचं ऑफिस आग्रा रोडवर कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर. चाळिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, टेबलावर लॅपटॉप. मागे भिंतीवर लॅमिनेट केलेला मोठा तक्ता: तेच कोष्टक, एक ते नऊ, खाली अक्षरं. आणि त्याच्याही वर पहिली ओळ ठळक छापलेली, अभिव्यक्ती अंक (म्हणजे तोच एक्स्प्रेशन नंबर) जन्मनोंदीतील पूर्ण नावावरूनच काढावा. ती ओळ मी दारातूनच वाचली. भाव करायला जाताना मी आधी समोरच्याच्या भिंती वाचतो.

मी गिऱ्हाईक म्हणून बसलो. फी दिली, पावती घेतली. मुलीचं नाव सांगितलं, दाखल्याप्रमाणे.

त्याने लॅपटॉप उघडला.

"मशीन नको," मी म्हटलं. "हाताने करा. मला शिकायचं आहे."

त्याने हसून कागद घेतला. सेहेचाळीस, दहा, एक. सत्तावीस, नऊ. तेवीस, पाच. पंधरा. "सहा," तो म्हणाला. "फार छान अंक आहे. गृहलक्ष्मीचा."

"लिहून द्या. सही करून."

त्याने दिलं. मी तो कागद खिशात घातला आणि मग मुलाकडच्या घराचं नाव सांगितलं. पंधरा दिवसांपूर्वी तुम्ही याच मुलीचा आठ काढून दिला, असंही सांगितलं.

त्याचा चेहरा उतरला नाही. तो धंद्यात मुरलेला होता. "शक्य नाही," म्हणाला आणि फायलींतून एक कागद काढला. त्याला टाचणीने एक चिठ्ठी लावलेली होती. "हे बघा. मला जे नाव दिलं त्याचा आठच येतो. बेरीज चुकलेली नाही."

मी चिठ्ठी हातात घेतली. निळ्या शाईत, वळणदार बाईमाणसाच्या अक्षरात लिहिलं होतं. आपल्या बनावट नावांच्या भाषेत सांगायचं तर: सौ. रोहिणी निलेश वाघ.

सौ. लिहिलेलं होतं. साखरपुडा झाला नव्हता, तारीख निघाली नव्हती आणि सौ. लिहिलेलं होतं. मधलं नाव मुलाचं, आडनाव त्यांचं.

मी तिथेच त्याच्या टेबलावर बेरीज केली. पहिल्या नावाचा एक, तो तिचा. मुलाच्या नावाचा: एन पाच, आय नऊ, एल तीन, ई पाच, एस एक, एच आठ. एकतीस, म्हणजे चार. त्यांच्या आडनावाचा: डब्ल्यू पाच, ए एक, जी सात, एच आठ. एकवीस, म्हणजे तीन. एक, चार, तीन. आठ.

"यात माझ्या मुलीचा किती?" मी विचारलं.

त्याने चिठ्ठी आपल्याकडे ओढली.

"एक. बाकीचे सात कुणाचे? बोला ना. सात त्यांच्या घरचे. त्यांच्याच पोराचे आणि त्यांच्याच आडनावाचे. आणि शनी बसवला माझ्या पोरीच्या डोक्यावर."

"दाजी," मेहुणा म्हणाला.

"तू थांब. ही तुमच्या भिंतीवरची ओळ कुणी छापली? तुम्हीच ना? सौ. दिसलं नाही? अजून लग्न न झालेल्या मुलीच्या नावात नवऱ्याचं नाव दिसलं नाही?"

"भाऊ, बाईंनी चिठ्ठी दिली. आमच्याकडे बायका नेहमी अशीच नावं देतात. लग्न झालेल्या, ठरलेल्या. मला वाटलं लग्न झालेलं आहे."

"विचारायचं नाही?"

"विचारायला हवं होतं," तो म्हणाला. एवढं मात्र त्याने कबूल केलं, हे मी नमूद करतो. मग लगेच सावरून म्हणाला, "तरी लग्नानंतरच्या नावाचाही अंक असतो. त्याला आम्ही दुय्यम मानतो. मूळ अंक जन्मनावाचा, तो मरेपर्यंत बदलत नाही. नंतरच्या नावाचा अंक वरून थोडा रंग चढवतो, इतकंच."

"म्हणजे पहिलं नाव बदलून मूळ अंक बदलत नाही?"

"नाही. मूळ नाही बदलत."

"मग तुम्ही बदलायला का सांगितलं?"

"दुय्यम सुधारावा म्हणून."

"आणि जर लग्नानंतर नावच बदललं नाही? काहीच नाही. आहे तेच ठेवलं?"

त्याने क्षणभर तक्त्याकडे पाहिलं. "मग दुय्यमाचा प्रश्नच येत नाही. सहाच्या सहा."

"हेही लिहून द्या."

त्याने तेही दिलं. फी परत देऊ लागला, मी घेतली नाही. फी परत घेतली की कागदाची किंमत जाते, हे मला धंद्याने शिकवलं आहे.

तिथून मुलाच्या घरी. दुपारची वेळ, आम्ही न कळवता गेलो. मुलाच्या आईने दार उघडलं, डोक्यावर पदर घेतला. मुलगा आतून आला. मेहुण्याने खुर्चीत बसताच रुमालाने कपाळ पुसलं. मी बसलो नाही.

मोबाइलवर काढून आणलेला चिठ्ठीचा फोटो मी समोर धरला. "ताई, हे अक्षर तुमचं?"

तिने पाहिलं. पहिल्यांदा तिला कळलंच नाही. मग कळलं. मला वाटलं होतं ती उडवाउडवी करील, त्याला मी तयार होतो. ती लाजली. साठीची बाई. मुलासमोर लाजली.

"मी ना," ती म्हणाली, "तिला पाहून आलो त्या रात्रीपासून लिहून बघत होते. कसं दिसतं म्हणून. वहीच्या पानावर. त्या दिवशी त्याच पानाचा कोपरा फाडून नेला."

हे ऐकून कुणाचाही राग उतरला असता. माझाही उतरायला लागला होता, पण मी त्याला धरून ठेवलं. कारण ती पुढे म्हणाली, "मग जन्मनावाचा किती येतो?"

मेहुणा लगेच म्हणाला, "सहा."

"अगं बाई, सहा," ती म्हणाली आणि हात जोडले. "मग काहीच अडचण नाही. मी म्हणतच होते, मुलगी सोन्यासारखी आहे. साखर आणते."

"साखर नको," मी म्हटलं. "बसा."

ती बसली.

"पंधरा दिवस माझी मुलगी शनी होती. आज सहा झाली म्हणून सोन्याची झाली. या पंधरा दिवसांत तिने काय केलं होतं हो? तीच मुलगी, तेच हातपाय, तीच पोह्यांची बशी. उद्या दुसरा कुणी तक्ता लावून बसला आणि पाच म्हणाला, मग?"

"पप्पा," मुलगा म्हणाला. त्याने मला पहिल्यांदाच पप्पा म्हटलं आणि मला ते आवडलं नाही, कारण त्याने योग्य वेळ साधली होती. "मला हे काही माहीत नव्हतं. आई म्हणाली नाव बदलायची पद्धत आहे, मी हो म्हटलं. मी तिला विचारायला हवं होतं."

"हो. हवं होतं."

"आत्ता विचारू?"

त्याने फोन लावला. स्पीकरवर ठेवला. माझी मुलगी पलीकडून "बोल" म्हणाली, आणि त्या एका शब्दावरून मला कळलं की मी धुळ्याला कशासाठी आलो ते तिला केव्हाच ठाऊक होतं.

त्याने सगळं सांगितलं. चिठ्ठी, सौ., आठ, सहा. ती ऐकत राहिली.

"काकू तिथे आहेत का?" तिने विचारलं.

"आहेत."

"काकू, राग नका मानू. मी आकड्यांवर विश्वास ठेवत नाही. पण तुम्ही ठेवता, तर तुमच्या नियमाने बोलते. जन्माचं नाव खरं, ते मरेपर्यंत बदलत नाही, असं ना? मग मी तेच ठेवते. पहिलं, मधलं, आडनाव, सगळं. लग्नानंतरही. तुम्ही जे लिहून बघितलं त्याचा आठ येतो, तर ते लिहूच नका."

मी आयुष्यात पुष्कळ सौदे केले, पण समोरच्याचंच वजन समोरच्याच्या काट्यावर ठेवून इतका साफ सौदा कधी केला नव्हता. मला अभिमान वाटला. त्याचबरोबर वाटलं, मी कशाला ओरडत बसलो होतो.

"बापाचं नाव आयुष्यभर?" आई हळू म्हणाली. "लोक काय म्हणतील? पत्रिकेवर, घराच्या पाटीवर..."

"पाटीवर दोन नावं लावू," मुलगा म्हणाला.

"तुला चालेल?" आईने विचारलं.

"माझं नाव तिच्या नावात नसलं म्हणून मी कमी होणार आहे का?"

आई उठली आणि आत गेली. मला वाटलं संपलं. मनातून जरा बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. मोडलं असतं तर माझा राग खरा ठरला असता. मेहुणा छताकडे बघत होता. ती बाहेर आली तेव्हा हातात साखरेची वाटी नव्हती, ती वही होती. तिने ते पान काढलं जिथून एक कोपरा फाडलेला होता. पानावर खालपर्यंत तेच नाव, सौ.सकट, पंधरावीस वेळा.

"आठवडा द्या मला," ती म्हणाली. "सवय झाली आहे याची."

आम्ही काही न खाता निघालो. गाडीत मेहुणा म्हणाला, "दाजी, बाई चांगली शे." मी म्हटलं, "माहीत आहे." तेच तर अवघड होतं.

आठवड्याने तिचा होकार आला. नाव तसंच राहील. कारण काय दिलं? मुलगी म्हणते म्हणून नाही, मुलाचं मन राखायचं म्हणूनही नाही. अंकशास्त्र्याला परत विचारलं, त्याने सहाच्या सहा राहील असं सांगितलं, म्हणून. माझ्या मुलीने जे नीट, सरळ शब्दांत मागितलं ते तिला मागितल्यामुळे मिळालं नाही. एका तक्त्याने परवानगी दिली म्हणून मिळालं. मी हे मुलीला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "पप्पा, मला नाव हवं होतं, ते मिळालं. बाकीचं मी तिथे गेल्यावर हळूहळू घेईन." तिच्याकडे वेळ आहे. माझ्याकडे तेवढा नाही, म्हणून मी रागावतो.

लग्न जळगावला झालं. तांदळाचं ताट आलं तेव्हा पाहुण्या बायका वाकून बघायला लागल्या, नवं नाव काय ठेवतात म्हणून. मुलाने अंगठीने लिहिलं. तिचं पहिलं नाव, मग माझं, मग आमचं आडनाव. सौ. नाही. एक म्हातारी बाई म्हणाली, "अरे, बापाचं लिहिलंस, चुकलास." विहीणबाईंनी तिला बाजूला घेतलं आणि कानात काहीतरी सांगितलं. म्हातारीने डोळे मोठे करून मान डोलावली आणि माझ्या मुलीकडे नव्या आदराने बघितलं. सहा सांगितला असणार. दुसरं काय सांगणार.

जेवणाच्या पंगतीत विहीणबाई माझ्याजवळ आल्या. वाढप्याच्या हातातून जिलेबी घेऊन त्यांनी स्वतः माझ्या पानात वाढली.

"भाऊ, राग गेला का?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या आणि आणखी एक वाढली.